बाइटवर कोणता शॉट लावायचा?

माहितीपटाच्या संकलनात सर्वांत जास्त वेळ कापण्यात जात नाही, शोधण्यात जातो. शेतकरी कॅमेऱ्यासमोर दहा मिनिटं बोलतो. त्या बोलण्यावर लावायला विहिरी, बैल, बाजार, रस्ते अशा शॉट्सचा ढीग असतो. या पूरक चित्रणाला बी-रोल म्हणतात. पहिला कच्चा आराखडा, म्हणजे रफ कट, उभा करताना संकलक एकेक वाक्य ऐकतो आणि त्यासाठी शॉट हुडकत बसतो. हा शोध बराचसा संगणकावर सोपवता येतो, आणि तोही अगदी साध्या, शब्द जुळवण्याच्या पद्धतीने.

त्यासाठी दोन याद्या लागतात. एक म्हणजे मुलाखतीचा लेखी उतारा. त्यात प्रत्येक वाक्य कितव्या सेकंदाला सुरू होतं आणि संपतं, याची नोंद हवी. दुसरी म्हणजे शॉट्सची नोंदवही, अर्थात लॉग. त्यात प्रत्येक क्लिपसमोर चार-सहा शब्दांत वर्णन असतं. संगणक चित्र पाहत नाही. तो फक्त या दोन याद्यांतले सारखे शब्द शोधतो.

मात्र सगळ्या शब्दांना सारखंच वजन दिलं, तर घोटाळा होतो. ‘आणि’, ‘मग’, ‘आहे’ हे शब्द आधीच गाळतात. उरलेल्यांत जो शब्द कमी क्लिपमध्ये येतो, तो अधिक मोलाचा. दुर्मीळ शब्दाला जास्त वजन देण्याची ही कल्पना ब्रिटिश संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडली. त्यांच्यापुढे प्रश्न दस्तऐवज शोधण्याचा होता, पण क्लिपच्या वर्णनांनाही ती तशीच लागू पडते.

समजा, आपल्याकडे 40 क्लिप आहेत. ‘पाणी’ हा शब्द 10 वर्णनांत आहे, ‘टँकर’ 4 वर्णनांत आणि ‘विहीर’ फक्त 2 वर्णनांत. एकूण क्लिपना त्या शब्दाच्या क्लिपसंख्येने भागून लॉगॅरिदम घेतला, की वजनं मिळतात: पाणी 0.6, टँकर 1.0, विहीर 1.3. आता वाक्य घ्या: ‘उन्हाळ्यात विहिरीत पाणी राहिलं नाही, मग टँकर मागवावा लागला.’ ‘विहीर, पाणी, दोर, बादली’ या क्लिपला 1.9 गुण मिळतात, ‘टँकर, हंडे, रांग’ला 1.0 आणि ‘पाट, पाणी, ऊस’ला 0.6. वाक्य स्वल्पविरामापाशी तोडलं, तर पूर्वार्धावर विहीर आणि उत्तरार्धावर टँकर आपोआप बसतो. लांबलचक वर्णनाची क्लिप केवळ शब्दसंख्येच्या जोरावर पुढे जाऊ नये, म्हणून तिचे गुण वर्णनाच्या लांबीच्या प्रमाणात कमी करतात.

मराठीत मात्र एक अडचण आधीच दूर करावी लागते. वाक्यात ‘विहिरीत’ आहे आणि लॉगमध्ये ‘विहीर’. संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द आहेत. प्रत्यय काढून टाकला तरी ‘विहिरी’ उरतं, कारण सामान्यरूपात ऱ्हस्व-दीर्घही बदलतं. ‘पाण्याचा’मधून ‘चा’ काढल्यावरही ‘पाणी’ हाती लागत नाही. म्हणून चित्रपटाच्या विषयातले पन्नासेक महत्त्वाचे शब्द निवडून त्यांची रूपं मूळ शब्दाशी जोडणारा छोटा तक्ता हाताने केलेला बरा.

यानंतरही चुका होतातच. ‘आमच्या तोंडचं पाणी पळालं’ या वाक्यावर संगणक बिनदिक्कत खळाळता पाट लावतो. ‘नाही’ हा शब्द त्याला कळत नाही, त्यामुळे आटलेल्या विहिरीच्या बोलण्यावर पावसाळ्यातली तुडुंब विहीर येऊ शकते. यावर उपाय लॉगमध्येच आहे. नुसतं ‘विहीर’ लिहू नये. ‘विहीर, आटलेली, उन्हाळा’ असं वस्तूसोबत तिची अवस्था आणि हंगामही लिहावा. शब्दही मुलाखतीतली माणसं वापरतात तेच घ्यावेत. शेतकरी ‘जनावरं’ म्हणत असेल आणि लॉगमध्ये ‘पशुधन’ असेल, तर जुळणी शून्य.

दोन नियम आणखी घालावे लागतात. एकदा वापरलेल्या क्लिपचे गुण पुढच्या वेळी घटवावेत, नाहीतर तीच विहीर पाच वेळा दिसते. आणि गुणांची एक किमान मर्यादा ठरवावी. तिच्याखाली काहीच न लावता बोलणाऱ्याचा चेहराच ठेवावा. ही मर्यादा ठरवायला आधी वीसेक वाक्यांसाठी स्वतः शॉट निवडावेत आणि संगणकाची निवड त्यांच्याशी ताडून पाहावी. चुकीच्या जोड्या साधारण कोणत्या गुणांखाली सुरू होतात, ते तिथे दिसतं.

प्रत्येक वाक्यासाठी एकच क्लिप मागण्यापेक्षा पहिल्या तीन मागवाव्यात. चाळीसांतून शोधण्याऐवजी तिघांतून निवडायचं, एवढाच या पद्धतीचा फायदा आहे. वाक्य सहा सेकंदांचं असताना शॉट चारच सेकंद स्थिर आहे का, कॅमेऱ्याची हालचाल मागच्या शॉटशी जुळते का, आणि दुःखाच्या क्षणी चेहऱ्यावरून कॅमेरा हलवावा का, हे लॉगमधल्या शब्दांत कुठेच नसतं. ते संकलकालाच पाहावं लागतं.