कुलूप आणि आडपडदा

संदेश गुप्त राहणे या एका शब्दप्रयोगात दोन निराळ्या गोष्टी येतात: मजकूर वाचता न येणे आणि मजकूर आहे हेच न कळणे. व्हॉट्सॲपने मे २०२३ मध्ये एकेका संभाषणास कुलूप लावण्याची सोय दिली, तिने पहिली साधली, दुसरी अर्धीच. कुलूपबंद संभाषण मुख्य यादीतून निघून ‘Locked chats’ या कप्प्यात जाते. सूचनेत पाठवणाऱ्याचे नाव वा मजकूर येत नाही. तथापि यादी खाली ओढताच कप्पा दिसतो.

शिवाय बोटाचा ठसा वा चेहरा जुळला नाही, तर फोनचा नेहमीचा पिन चालतो. समजा, एखाद्या स्त्रीच्या फोनचा पिन तिच्या नवऱ्याला ठाऊक आहे. बहिणीशी चाललेले तिचे संभाषण कुलपात असूनही त्याला उघडता येईल. ठसा तिचा, पण किल्ली दोघांची.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेला गुप्त संकेत याच ठिकाणी उपयोगी पडतो. पिनहून वेगळा शब्द ठरवून कप्पा लपवला, की तो शब्द शोधपट्टीत लिहिल्यावाचून कप्पा यादीत प्रकट होत नाही. (नेहमी शोधले जाणारे नाव संकेत म्हणून घेऊ नये, हे उघडच आहे.) संकेत विसरल्यास मात्र तो काढून टाकताना त्या संभाषणांतील संदेशही पुसले जातात.

बहिणीने फोन केला, तर तो पूर्वीसारखाच वाजतो. कुलूप संदेशांना आहे, कॉलना नाही. आणि बहिणीच्या फोनवर तेच संभाषण यादीत उघडे असते.