दोन महिने आधी आलेली मुलगी

समजा, निपाणीजवळच्या गावातली एक मुलगी ३२ व्या आठवड्यात, बेळगावच्या रुग्णालयात जन्मली. सहा महिन्यांनी अंगणवाडीत तिची लांबी भरली ६१ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा महिन्यांच्या मुलींची सरासरी ६५.७ आहे, आणि ६१.२ च्या खाली गेलेली मुलगी ‘खुजी’ ठरते. घरात लगेच चर्चा सुरू: दूध पुरत नाही, वरचं चालू करा.

पण गर्भाचे ४० आठवडे पूर्ण व्हायला तिला आठ आठवडे कमी पडले होते. सहा महिन्यांच्या २६ आठवड्यांतून ते वजा केले की उरतात १८, म्हणजे सुमारे चार महिने. चार महिन्यांच्या मुलींची सरासरी ६२.१. ही पोर तिच्या अगदी जवळ आहे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, तिथे वजाबाकी नाही.

ही दुरुस्ती साधारण दोन वर्षांपर्यंत करतात. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान बाळ साडेतीन सेंटिमीटर वाढतं. दुसऱ्या वाढदिवसाआधीच्या दोन महिन्यांत जेमतेम दोन. त्यामुळे फरक आपोआप बोथट होतो. बहुतेक मुलं तोवर बरोबरीच्यांना गाठतात. २८ आठवड्यांआधीची किंवा गर्भातच खुरटलेली मुलं तीन वर्षं, कधी जास्तही घेतात. दुरुस्त वयानेही वाढीची रेघ सतत खाली घसरत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. त्याआधी लांबी पुन्हा मोजा: बाळ आडवं, डोकं फळीला, गुडघे सरळ, धरायला दोघं. वळवळत्या बाळाची टेपने घेतलेली लांबी सहज एक-दोन सेंटिमीटर चुकते.