गादीतला खड्डा, कॉटचा गंज आणि गृहपालांना पत्र

वसतिगृहातल्या विद्यार्थिनीने गृहपालांना लिहिलेले पत्र बहुधा दोन वाक्यांचे असते: गादी खराब झाली आहे, कॉट गंजली आहे, कृपया बदलून मिळावी. अशा पत्रावर गृहपाल काही करू शकत नाहीत, कारण त्यांच्या हातात वस्तू नसते, नोंदवही असते. प्रत्येक कॉट आणि गादी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे जडवस्तू नोंदवहीत, क्रमांकाने चढवलेली असते. ती मोडीत काढायची तर पाहणी आणि निर्लेखन करावे लागते, दुरुस्त करायची तर नेमके काय मोडले ते सांगावे लागते. म्हणून पत्र लिहिण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. दोष गादीत आहे, कॉटमध्ये आहे की दोन्हींत?

ते ठरवायला दहा मिनिटे पुरतात. गादी कॉटवरून काढून सपाट फरशीवर टाकावी आणि थोडा वेळ तशीच राहू द्यावी. रुंदीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरावी आणि कंबर टेकते त्या जागी सुतळी व गादी यांतले अंतर पट्टीने मोजावे. कॉटवर जेवढा खड्डा होता तेवढाच फरशीवरही राहिला, तर फोम गेला. फरशीवर गादी सपाट दिसली, तर ती ठीक आहे आणि कॉटच्या आडव्या पट्ट्या वाकल्या आहेत. पुष्कळदा दोन्ही थोडे थोडे असते. वाकलेल्या पट्टीवर फोम रोज एकाच जागी दुमडतो आणि लवकर खचतो. अशा कॉटवर नवी गादी टाकली तरी तिलाही काही महिन्यांत खड्डा पडतो.

फोमची गादी कापसाच्या गादीसारखी नसते. कापसाची गादी दबली की पिंजारी कापूस पिंजून ती पुन्हा भरून देतो. फोम हा पॉलियुरेथेनच्या सूक्ष्म पोकळ्यांचा जाळीदार ठोकळा असतो. वजनाखाली त्या पोकळ्यांच्या काड्या वाकतात, वजन निघाले की सरळ होतात. रोज सात-आठ तास तेच वजन, त्यात घाम आणि पावसाळी दमट हवा, यांनी काही काड्या कायमच्या वाकतात, काही तुटतात. त्या पुन्हा उभ्या करण्याचा उपाय नाही. कापसाच्या सवयीने फोमची गादीही गच्चीवर कडक उन्हात टाकली जाते, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी फोम पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होऊ लागतो. ती सावलीत, वाऱ्यावर उभी करून सुकवावी.

गादी लवकर का खचली, हे तिच्या वजनावरून कळते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड गादीचे आकारमान सुमारे 0.17 घनमीटर भरते. खोळ काढून तिचे वजन 3.1 किलो आले, तर घनता घनमीटरला सुमारे 18 किलो होते. दुकानदार ‘डेन्सिटी’ म्हणतात ती हीच. रोज झोपायच्या गादीसाठी 32 किंवा 40 डेन्सिटीचा फोम मागितला जातो. 32 च्या फोमची हीच गादी साडेपाच किलोच्या आसपास भरते. हलका फोम नवा असताना तितकाच मऊ लागतो, म्हणून खरेदीच्या वेळी फरक हाताला कळत नाही. पत्रात हे वजन लिहिले तर पुढच्या खरेदीत डेन्सिटीची अट घालायला गृहपालांना आधार मिळतो.

‘कठीण बिछाना पाठीला चांगला’ हे उत्तरही विद्यार्थ्यांना ऐकावे लागते. 2003 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या स्पेनमधील अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेले 313 लोक होते. त्यांत अगदी कठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादी वापरणाऱ्यांना जास्त आराम पडला. म्हणजे गादी काढून नुसत्या पट्ट्यांवर झोपणे हा तोडगा नव्हे.

कॉटचा गंज पाहताना रंग उडाला आहे एवढ्यावर थांबू नये. लोखंडाला ओल आणि हवा मिळाली की गंज चढतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग आधी फुगतो आणि मग पोपडे निघतात. कोकण किनाऱ्यावर हवेतल्या क्षारांमुळे हे आणखी वेगाने होते. गंज पहिल्यांदा धरतो तो वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि पायांच्या टोकांशी. पायाचे रबरी बूच निघाले की फरशी पुसतानाचे पाणी पोकळ पाइपात शिरते आणि पाय आतून सडतो. वरून रंग शाबूत दिसतो, म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पायावर ठोकून पाहावे. चांगला पाइप खणखणतो, सडलेला बद्द वाजतो, आणि टोक दाबले तर आत जाते. वरवरचा गंज पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन ऑइल पेंट लावला की थांबतो. पाइपाला भोक पडले असेल तर रंग व्यर्थ आहे. तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागतो.

गंजाच्या धारेने कापले तर धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्याबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावे. रोग गंजाने होत नाही, जखमेत शिरणाऱ्या माती-धुळीतल्या जंतूंनी होतो.

किनाऱ्यालगतच्या एखाद्या वसतिगृहातील विद्यार्थिनीचे पत्र मग असे होईल:

“प्रति, मा. गृहपाल. विषय: खोली क्र. 14, कॉट क्र. 14-ब व गादी बदलणे/दुरुस्त करणेबाबत.

महोदया, मी या कॉटवर 20 जूनपासून राहते. गादीला कमरेखाली दोन इंच खड्डा आहे. फरशीवर टाकून मोजला तरी दीड इंच राहतो. खोळीशिवाय गादीचे वजन 3.1 किलो आहे. कॉटच्या मधल्या दोन पट्ट्या वाकल्या आहेत. डोक्याकडील डावा पाय खालून सडला असून कूस बदलताना कॉट हलते. हा पाय मोडून इजा होण्याची शक्यता असल्याने त्याची दुरुस्ती प्रथम व्हावी, तोवर दुसरी कॉट मिळावी, आणि पट्ट्या सरळ झाल्यावर गादी बदलून मिळावी, ही विनंती. सोबत तीन छायाचित्रे जोडली आहेत. आपली विश्वासू.”

यात कुठेही गाऱ्हाण्याचा सूर नाही, आणि तो नसणेच बरे. सडलेला पाय आधी आणि गादी नंतर, हा क्रमही महत्त्वाचा आहे. पाय धोक्याचा आहे, त्यासाठी वेल्डर बोलावता येतो. गादीला खरेदीची मंजुरी लागते आणि तिला वेळ जातो. दोन्ही मागण्या एकाच ओळीत गुंफल्या तर गादीच्या मंजुरीपायी पायही अडकून पडतो. कॉट क्रमांक सहसा डोक्याकडच्या पट्टीवर रंगाने लिहिलेला असतो. पुसला असेल तर तसे पत्रात नमूद करावे.

पत्र दोन प्रतींत द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही व आवक क्रमांक घ्यावा. ही पोच खोली सोडेपर्यंत जपून ठेवावी. वर्षअखेरीस सामानाची मोडतोड दाखवून अनामत रकमेतून पैसे कापले जात असतील, तर कॉट आधीपासूनच सडलेली होती याचा पुरावा ही पोचच असते.