वजन उतरलं आश्विनात, केस गळले पौषात

1976 साली गोएट आणि ओडम या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी नऊ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. सगळ्यांची तक्रार एकच होती: केस मूठमूठ गळतायत. कुणाला ताप आलेला नव्हता, कुणाचं मोठं ऑपरेशन झालं नव्हतं. पण सगळ्यांनी थोड्या काळात जेवण फार कमी करून भरपूर वजन उतरवलं होतं. केसगळती सुरू झाली ती डाएट सुरू केल्यापासून दोन ते पाच महिन्यांनी. पन्नास वर्षं होत आली, तरी या दोन ते पाच महिन्यांच्या अंतरामुळेच आजही बहुतेकांना आपल्या केसगळतीचं कारण सापडत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात नेहमी दिसणारं एक चित्र घेऊ. एकोणतीस वर्षांची, बँकेत काम करणारी तरुणी. लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. अनंत चतुर्दशी झाली आणि तिने डाएट सुरू केलं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, एक फुलका आणि पातळ वरणाची वाटी, संध्याकाळी पपई, रात्री दुधीचं सूप आणि ग्लासभर ताक. दहा आठवड्यांत वजन 68 किलोवरून 57 वर आलं. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. पौषात, सासरी गेल्यावर, न्हाताना जाळीवर केसांचा गुंता साठू लागला. उशीवर केस, पोळीत केस. तिने दोष दिला तो सासरच्या बोअरच्या पाण्याला. आईने दिला लग्नातल्या हेअर स्प्रेला. शॅम्पू बदलला, कांद्याचा रस लावून झाला, बायोटिनच्या गोळ्या सुरू झाल्या. आश्विनातल्या त्या कोशिंबिरीची आठवण कुणालाच झाली नाही.

हे अंतर का पडतं, ते केसाच्या आयुष्यात दडलेलं आहे. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं आणि पुढचे तीनेक महिने तो नुसता विसावतो. त्यानंतर तो गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. एरवी शंभरातले दहा-पंधरा केसच विश्रांतीत असतात, म्हणून रोज 50 ते 100 केस गेले तरी डोकं भरलेलंच दिसतं. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत झपाट्याने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्यांना सतत ऊर्जा आणि कच्चा माल लागतो. जेवण एकदम तुटलं की हृदय, मेंदू यांना आधी पुरवठा होतो आणि केसांची वाढ थांबते. वाढीत असलेले कितीतरी केस एकदमच विश्रांतीत जातात. त्या दिवशी बाहेरून काहीही दिसत नाही. तीनेक महिन्यांनी ते सगळे मिळून गळतात. या प्रकाराला ‘टेलोजन एफ्लुव्हियम’ हे नाव अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये दिलं. बाळंतपणानंतर, टायफॉइड-डेंग्यूनंतर आणि कोविडनंतर अनेकांनी जी केसगळती पाहिली, ती हीच.

म्हणजे पौषात गळणाऱ्या केसाचा निर्णय आश्विनातच झालेला असतो. तो केस कुठल्याही तेलाने परत चिकटत नाही. पण हीच गोष्ट दिलासा देणारीही आहे. या गळतीत केसाचं मूळ मरत नाही, तिथून नवा केस उगवू शकतो. प्रश्न एवढाच उरतो, की त्या नव्या केसासाठी शरीरात सामग्री आहे का.

त्यात पहिलं येतं प्रथिन, कारण केस म्हणजे जवळजवळ सगळं केराटिन आणि केराटिन हे प्रथिनच. वरच्या तरुणीच्या दिवसाचा हिशेब मांडला तर फुलक्यातून तीन ग्रॅम, वरणातून चार-पाच, ताकातून चारेक, बाकी भाज्या-फळांतून दोन-तीन. सगळं मिळून जेमतेम पंधरा ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाला किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम चांगल्या प्रतीचं प्रथिन लागतं. आपल्यासारख्या धान्यावर भर असलेल्या जेवणात ते किलोमागे एक ग्रॅमपर्यंत धरावं लागतं. तिला 55 ते 60 ग्रॅम हवे होते, मिळत होते त्याच्या चौथा हिस्सा, आणि तेही दहा आठवडे. शिवाय कॅलरी इतक्या कमी होत्या, की खाल्लेलं प्रथिन बांधणीला न वापरता शरीर इंधन म्हणूनही जाळत होतं. केवळ प्रोटीन पावडर घेऊन उपासमार चालू ठेवली तर केस वाचत नाहीत, ते यामुळेच.

दुसरं लोह, आणि इथे सर्वांत जास्त गफलत होते. त्या तरुणीचं हिमोग्लोबिन तपासलं तर 12.1 निघालं. रिपोर्टवर ‘नॉर्मल’. घरच्यांनी कागद फाइलला लावला. पण शरीर लोहाचा साठा आधी संपवतं आणि हिमोग्लोबिन शेवटी उतरू देतं. साठा किती उरलाय हे सांगतं ते फेरिटिन. तिचं फेरिटिन 11 होतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांमध्ये 15 च्या खाली साठा संपला असं मानते. केसांसाठी ते निदान 40 तरी असावं, असं अनेक त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात, काही 70 म्हणतात. या आकड्यावर त्यांच्यात एकमत नाही, त्यामुळे 45 फेरिटिन असलेल्या बाईला ‘लोहच कमी आहे’ असं ठामपणे सांगणंही बरोबर नाही. अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

डाएटने हा साठा एकाएकी संपवला असं मात्र समजू नये. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पाळीमुळे दर महिन्याला लोह जातं. म्हणून पोषण संस्थेने स्त्रीसाठी दिवसाला 29 मिलिग्रॅमची शिफारस केली आहे, पुरुषासाठी 19 ची. आधीच रिकामं होत आलेलं कोठार, त्यात उसळी, पालेभाज्या, अंडी, मटण सगळं बंद, आणि भूक मारायला दिवसातून चार वेळा चहा-कॉफी. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही.

तिला डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, ती दिवसाआड. रोज घेतल्यावर शोषणाचं प्रमाण घटतं, दिवसाआड घेतल्यावर ते जास्त राहतं, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय. पोटाचा त्रासही कमी होतो. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, पुढेमागे तासभर चहा नाही. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा फेरिटिन. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचं फेरिटिन कमी निघालं तर मात्र गोळी सुरू करून गप्प बसू नये. पोटात कुठे रक्तस्राव होतोय का, ते आधी पाहायला हवं.

जस्ताची, म्हणजे झिंकची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते पेशींच्या विभाजनाला लागतं आणि खरी कमतरता असेल तर केस जातातच. पण तेव्हा इतरही खुणा दिसतात: तोंडाच्या कडेला चट्टे, चव कळेनाशी होणं, जखमा लवकर न भरणं. रक्तातलं झिंक दिवसाच्या वेळेनुसार आणि साध्या संसर्गानेही वर-खाली होतं, म्हणून एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही. तीळ, शेंगदाणे, डाळी, अंडी, मांस यांत झिंक असतं. धान्य-कडधान्यातला फायटेट नावाचा घटक ते अडवून धरतो. मटकी भिजवून मोड आणले किंवा पीठ आंबवलं की फायटेट कमी होतो. मोडाची उसळ इथे खरोखर उपयोगी पडते. गोळ्यांचा धोका असा, की रोज 50 मिलिग्रॅम झिंक महिनोन् महिने घेतलं तर तांब्याचं शोषण अडतं आणि त्यातूनच रक्तक्षय होऊ शकतो. बायोटिनची कमतरता मुळात दुर्मीळ आहे. शिवाय त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिला. तपासणीआधी ही गोळी घेतोय हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

मग तिने खायचं काय? सकाळी दोन अंडी, बारा ग्रॅम. दुपारी एक ज्वारीची भाकरी, दाट मटकीची उसळ आणि वाटीभर दही, मिळून अठराच्या आसपास. चार वाजता मूठभर फुटाणे, सहा. रात्री फुलका, घट्ट वरण आणि 80-90 ग्रॅम पनीर किंवा तेवढीच मासळी, पंचवीसेक. झाले साठ ग्रॅम. भाज्या, फळ, तेल धरून हे 1400 ते 1500 कॅलरीत बसतं. म्हणजे वजन उतरवायचंच असेल तर ते तरीही उतरेल, फक्त आठवड्याला अर्धा किलोच्या गतीने. ही गती लग्नाच्या तारखेला पुरत नाही, हीच खरी अडचण आहे.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबाबतही हे लागू आहे. सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांत सुमारे तीन टक्के लोकांनी केसगळती सांगितली, औषध नसलेल्या गटात एक टक्क्याने. ज्यांचं वजन जास्त झपाट्याने उतरलं, त्यांच्यात ती अधिक होती. भूकच लागत नाही म्हणून दिवसभरात दोन बिस्किटं आणि चहावर राहणाऱ्याला प्रथिन कुठून मिळणार? इंजेक्शन सुरू करतानाच फेरिटिन तपासून घेणं आणि ताटात प्रथिनाचा पदार्थ पहिल्यांदा खाणं, या दोन गोष्टी तेव्हाच ठरवायला हव्यात.

आपली गळती हीच आहे का, ते बऱ्यापैकी ओळखता येतं. केस सगळ्या डोक्यावरून सारखे विरळ होतात, गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते, टाळू लाल होत नाही, खाजत नाही. डॉक्टर पन्नासेक केस चिमटीत धरून हलके ओढतात. पाच-सहाहून जास्त हातात आले तर गळती चालू आहे. भांगच तेवढा रुंद होत असेल तर ते आनुवंशिक विरळपणाचं लक्षण असू शकतं. डाएटने ते उघडं पडतं, पण जेवण सुधारून पूर्ण भरत नाही. गोल चकत्या पडल्या तर आजार निराळाच.

खाणं सुधारल्यावर गळती साधारण तीन ते सहा महिन्यांत थांबते. कपाळाच्या कडेला उभे राहणारे आखूड केस ही नव्या वाढीची खूण. केस महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतो, त्यामुळे शेपटा पूर्वीसारखा हाताला लागायला वर्ष-दीड वर्ष जातं. सहा महिने उलटूनही गळती तशीच असेल तर थायरॉइड तपासावं, पाळी अनियमित असल्यास पीसीओएस पाहावं आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.