टपरीवरच्या चौकोनात काय असतं?

बडनेरा स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडात पैसे नसतात, शिल्लकही नसते. असते फक्त `upi://pay?pa=` अशी सुरू होणारी, दुकानदाराचा यूपीआय पत्ता सांगणारी ओळ.

फोन आधी कोपऱ्यांतले तीन चौकोन शोधतो. त्यांच्या मध्यातून कशीही रेघ ओढा, काळे-पांढरे पट्टे १:१:३:१:१ याच प्रमाणात येतात. म्हणून कोड तिरपा असला तरी सापडतो. मग चित्र सरळ करून फोन एकेक घर वाचतो.

मजकुराबरोबर दुरुस्तीची जादा माहितीही भरलेली असते. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के माहिती बिघडली तरी ओळ जुळते. त्यामुळे मधला चहाचा डाग बहुधा खपतो. कोपऱ्यातला चौकोनच फाटला, तर मात्र फोन नुसता बघत राहतो.