खोटी आकडेवारी, खरी गोळी आणि जागल्याचे कर्तव्य

२००४ मध्ये रॅनबॅक्सी ही भारतातील सर्वांत मोठी औषध कंपनी होती. एचआयव्हीवरची तिची स्वस्त औषधे आफ्रिकेतल्या गरीब देशांत जात होती. त्या वर्षी कंपनीचे संशोधन प्रमुख राजिंदर कुमार यांनी दिनेश ठाकूर या अधिकाऱ्याकडे एक काम सोपवले. निरनिराळ्या देशांच्या औषध नियंत्रकांना कंपनीने दिलेली चाचण्यांची माहिती खरी आहे का, ते त्यांनी तपासायचे होते. तपासात अनेक ठिकाणी आकडे बनावट निघाले. कुमार यांनी हा अहवाल संचालक मंडळाच्या समितीपुढे मांडला, पण पुढे काही हालले नाही. कुमार यांनी नोकरी सोडली आणि २००५ मध्ये ठाकूरही बाहेर पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाकूर यांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला टोपणनावाने कळवायला सुरुवात केली.

बनावट म्हणजे नेमके काय, हे आधी पाहायला हवे. औषध किती दिवस टिकते हे ठरवण्यासाठी त्याचे नमुने ठरलेल्या तापमानात ठेवून काही महिन्यांच्या अंतराने पुन्हापुन्हा तपासावे लागतात. पुढे अमेरिकी सरकारने कंपनीवर जे ठपके ठेवले, त्यांत अशा काही चाचण्या एकाच दिवशी किंवा लागोपाठच्या दिवसांत उरकून कागदावर महिन्यांचे अंतर दाखवल्याचा ठपका होता. म्हणून प्रत्येक गोळी निकामी होती असे नाही. कोणती चांगली आणि कोणती वाईट, हे सांगण्याचे साधनच नाहीसे झाले होते. नैतिक पेचाचे मूळ या अनिश्चिततेत आहे.

जेरेमी बेंथम आणि जॉन स्टुअर्ट मिल यांच्या उपयुक्ततावादानुसार ज्या कृतीतून सर्व संबंधितांचे मिळून अधिकाधिक हित होते, ती योग्य. इथे विद्यार्थ्यांच्या उत्तरांत एक चूक वारंवार दिसते. २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेने गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरण्याचे ठरले. तो निकाल डोळ्यांपुढे ठेवून २००५ चा हिशेब मांडला जातो. पण कृती करणाऱ्याला निकाल ठाऊक नसतो. त्याला प्रत्येक परिणाम किती गंभीर आणि किती संभाव्य, याचा अंदाज घ्यावा लागतो.

तसा हिशेब केला तर गप्प बसण्याच्या बाजूलाही वजन आहे. स्वस्त औषधांवरचा विश्वास उडाला तर ज्या रुग्णाला दुसरे औषध परवडतच नाही, तो औषधाविना राहील. हजारो कामगारांची पोटे कंपनीवर अवलंबून आहेत, आणि ठाकूर यांच्या कुटुंबाचेही नुकसान संभवते. दुसऱ्या पारड्यात मात्र एचआयव्हीची एक खास बाब पडते. औषधाची मात्रा कमी भरली की विषाणू मरत नाही, उलट औषधाला दाद न देणारा बनू शकतो, आणि असा विषाणू पुढे इतरांनाही लागू शकतो. म्हणजे हानी त्या रुग्णापाशी थांबत नाही. त्यामुळे शंका थोडी असली तरी तिचे वजन मोठे होते.

इथवर उत्तर बोलण्याच्या बाजूने झुकते. पण उपयुक्ततावाद एवढ्यावर सोडत नाही. कुणाला सांगायचे, हेही तो विचारतो. थेट वर्तमानपत्राकडे गेल्यास घाबरून रुग्ण गोळ्या बंद करतील, आणि एचआयव्हीत उपचार मध्येच तुटणे स्वतःच घातक. नियंत्रकाला कळवले तर आधी तपासणी होऊ शकते. ठाकूर यांनी निवडलेला मार्ग हाच होता. तपास मात्र रेंगाळला आणि पाओंटा साहिब व देवास येथील कारखान्यांच्या तीसहून अधिक औषधांवर अमेरिकेने आयातबंदी घातली ती २००८ मध्ये. तोवरच्या तीन वर्षांत ती औषधे घेणाऱ्यांचे काय, हा प्रश्न हिशेबात राहतोच.

इमॅन्युएल कांट परिणामांपासून सुरुवात करत नाही. आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांचा नियम व्हावा असे आपल्याला इच्छिता येईल का, ही त्याची कसोटी. ‘सोयीचे असेल तेव्हा चाचणी न करता आकडे भरावेत’ हा नियम सर्वांनी पाळला तर कोणत्याही आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि खोटे आकडे भरण्याचा हेतूच फसेल. शिवाय ज्या रुग्णाला सत्य कळले असते तर त्याने गोळीला संमती दिली नसती, त्याचा इथे निव्वळ साधन म्हणून वापर होतो. तेव्हा खोटेपणात सामील न होण्याचे कर्तव्य निरपवाद ठरते.

पण सामील न होणे वेगळे आणि बाहेर जाऊन सांगणे वेगळे. कांटच्या रचनेत पहिले पूर्ण कर्तव्य आहे. दुसरे, म्हणजे इतरांना मदत करण्याचे, अपूर्ण. ते कधी आणि किती करावे याला मोकळीक असते. राजीनामा दिल्यावर ठाकूर यांचा खोटेपणातला वाटा संपला होता. मग त्यांच्यावर आणखी बंधन होते का? काटेकोर वाचन केले तर कांट इथे अपेक्षेपेक्षा सौम्य निघतो, आणि उपयुक्ततावादच अधिक कठोर. रुग्णांच्या जिवापुढे एका माणसाची नोकरी फार भरत नाही, असे तो सरळ म्हणतो.

अमेरिकी तत्त्वज्ञ रिचर्ड डी जॉर्ज यांनी या पेचावर कसोट्या सुचवल्या आहेत. हानी गंभीर असावी, वरिष्ठांना सांगून झालेले असावे, कंपनीतले मार्ग संपलेले असावेत. एवढे असेल तर बाहेर बोलणे क्षम्य ठरते. त्याखेरीज तटस्थ माणसालाही पटेल असा लेखी पुरावा हाती असेल आणि बोलण्याने हानी टळण्याची वाजवी शक्यता असेल, तर ते कर्तव्यच होते. ठाकूर यांच्या बाबतीत पहिल्या तिन्ही अटी आणि पुराव्याची अट पुऱ्या होत्या. शेवटच्या अटीबद्दल वाद घालता येईल.

कांटला खटकेल अशी आणखी एक गोष्ट इथे आहे. सुरुवातीच्या पत्रांत ठाकूर यांनी आपण कंपनीतला कनिष्ठ शास्त्रज्ञ असल्याचे भासवले होते. नाव झाकणे हे सत्य राखून ठेवणे आहे, आणि कांटला ते चालते. खोटी ओळख सांगणे मात्र खोटे बोलणेच. परिणाम मोजणाऱ्याला यात काही गैर दिसत नाही, कारण ओळख उघड होण्याची भीती असती तर माहिती आलीच नसती. डब्ल्यू. डी. रॉस या ब्रिटिश तत्त्वज्ञाची वाट यांच्या मधून जाते. वचन पाळणे, खरे बोलणे, कुणाला इजा न करणे अशी अनेक प्रथमदर्शनी कर्तव्ये असतात, आणि प्रसंगी जे अधिक भारी ते पाळायचे. कंपनीशी गुप्ततेचा करारही याच न्यायाने मागे पडतो.

अमेरिकेच्या कायद्यानुसार, सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीत वाटा मिळतो. ठाकूर यांच्या वाट्याला सुमारे ४.८ कोटी डॉलर आले. उपयुक्ततावादी याकडे पुढच्यांना धीर देणारी व्यवस्था म्हणून पाहील. कांटच्या मते लोभाने केलेली कृतीही कर्तव्याला धरून असू शकते, फक्त तिला नैतिक मोल राहत नाही. २००५ मध्ये हा पैसा निश्चित नव्हता, त्यामुळे हेतूविषयीचा निवाडा बाहेरून करणे कठीण आहे.