ओळंब्यातली नळी

लॅब सुरू केली त्या वर्षीच्या मे महिन्यात एक शिक्षिका दोन कागद घेऊन माझ्यासमोर बसल्या. सकाळी जिल्ह्याच्या गावी केलेल्या तपासणीत ईएसआर 20 आला होता. संध्याकाळी आमच्याकडे 31. दोन्हीकडे पद्धत छापली होती तीच, वेस्टरग्रेन. "मॅडम, दिवसभरात माझ्या रक्तात असं काय झालं?" असं त्यांनी विचारलं. रक्तात काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते आमच्या टेबलाच्या एका पायाला. तो आखूड होता, आणि त्याखाली घडी करून घातलेला वर्तमानपत्राचा कागद झाडताना कुणीतरी काढून टाकला होता.

रक्त नळीत उभं ठेवलं की तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर, स्वच्छ प्लाझ्मा उरतो. तासाभरात पेशींचा थर किती मिलिमीटर खाली गेला, तोच आकडा ईएसआर. पोलंडच्या एडमुंड बिएर्नाट्स्की यांनी 1897 मध्ये आजारपणातला हा फरक नोंदवला. पुढे स्वीडनमध्ये रॉबिन फॅरियस यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला, आणि त्यांचेच देशबांधव आल्फ वेस्टरग्रेन यांनी 1921 मध्ये क्षयरोग्यांवर काम करताना तपासणीची रीत बसवून दिली. ती रीत आजही मानक मानली जाते. 30 सेंटीमीटर लांबीची, सुमारे अडीच मिलिमीटर पोकळीची, 0 ते 200 खुणा असलेली काचेची नळी घ्यायची. चार भाग रक्तात एक भाग सोडियम सायट्रेट मिसळायचं, नळी बरोबर 0 च्या खुणेपर्यंत भरायची, स्टँडमध्ये उभी करायची आणि 60 मिनिटांनी वाचायची. पूर्वी रक्त तोंडाने ओढत, आता रबरी फुगा असतो. एवढंच.

पण त्या तासात नळीत काय चालतं ते समजलं तरच पुढच्या चुका समजतात. तांबड्या पेशींवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे एरवी त्या एकमेकींपासून अंतर राखून असतात. शरीरात दाह असला की यकृत फायब्रिनोजेन नावाचं लांबट प्रथिन जास्त बनवतं. त्याच्यामुळे हे अंतर मोडतं आणि पेशी एकावर एक बसतात, वाण्याच्या गल्ल्यातल्या नाण्यांच्या चळतीसारख्या. सुटं नाणं द्रवात रेंगाळतं, चळत मात्र झपाट्याने बुडते. पहिली दहाएक मिनिटं चळती रचण्यात जातात, तेव्हा नळीत फारसं काही दिसत नाही. मग साधारण चाळीस मिनिटं थर भराभर उतरतो, आणि शेवटी तळाशी दाटी झाली की वेग मंदावतो. घाईतल्या काही लॅबमध्ये अर्ध्या तासाला वाचून दुप्पट करण्याची सवय असते. चाल अशी असमान असताना त्या दुपटीला काहीच अर्थ उरत नाही.

आता टेबलाच्या पायाकडे येऊ. नळी 3 अंशांनी कलली तर आकडा 30 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असं पॅथॉलॉजीची पुस्तकं सांगतात. एवढ्याशा कलाने एवढा फरक पडेल हे मला विद्यार्थीदशेत पटत नसे. कारण अगदी साधं आहे. उभ्या नळीत पेशी खाली येत असतात आणि त्यांनी सोडलेली जागा भरायला प्लाझ्माला त्यांच्याच गर्दीतून वर यावं लागतं. अरुंद जिन्यात चढणारे आणि उतरणारे एकमेकांना अडवतात, तसं होतं. नळी कलली की पेशी सरळ खाली पडतात, पण आता खाली तळ नसतो, नळीची भिंत असते. अडीच मिलिमीटर पोकळीची नळी 3 अंशांनी कलली तर कुठलीही पेशी फार तर 5 सेंटीमीटर पडून भिंतीला टेकते. तिथे पेशी दाटून त्यांचा लोट घसरगुंडीवरून यावा तसा भिंतीवरून खाली येतो, आणि समोरच्या भिंतीलगत प्लाझ्माला वर जायला मोकळी वाट मिळते. जिना एकच, पण उतरणारे एका कठड्याने आणि चढणारे दुसऱ्या, म्हणून दोन्ही रांगा पळतात.

हे प्रथम लिहून ठेवलं ते इंग्लंडच्या ए. ई. बॉयकॉट यांनी, 1920 मध्ये. त्यांच्या नावानेच हा परिणाम ओळखला जातो. हे गृहस्थ पॅथॉलॉजिस्ट, पण पाणबुड्यांनी खोल पाण्यातून किती थांबे घेत वर यावं याच्या कामातही होते आणि गोगलगायीचा शंख डावीकडे का वळतो याच्याही. असं कुतूहल असलेल्या माणसालाच कलत्या नळीकडे दुसऱ्यांदा पाहावंसं वाटलं असेल. आज काही यंत्रं हाच परिणाम मुद्दाम वापरतात. नळी 18 अंशांत तिरपी ठेवून तासाचं काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकतात आणि आलेला आकडा गणिताने वेस्टरग्रेनच्या मापात बदलून देतात. तिथे कोन ठरलेला असतो म्हणून गणित चालतं. आमच्या टेबलाचा कोन कुणीच ठरवलेला नव्हता.

कल ओळखायला महागडं काही लागत नाही. 30 सेंटीमीटरच्या नळीत 3 अंश म्हणजे वरचं टोक जेमतेम दीड सेंटीमीटर सरकलेलं. नुसत्या नजरेला ते चुकतं, विशेषतः स्टँडवर सहा नळ्या एकसारख्या कललेल्या असतील तर, कारण मग त्या आपापसांत सरळच दिसतात. शिक्षिकाबाई गेल्यावर आमचे जुने टेक्निशियन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा मागून घेऊन आले. दोरी नळीशेजारी सोडली आणि वरून खालपर्यंतचं अंतर फूटपट्टीने मोजलं. सव्वा सेंटीमीटरपेक्षा थोडं जास्त भरलं. मग मी माझंच रक्त काढून तीन नळ्यांत भरलं. ओळंब्यातल्या नळीत 14 आलं, कलत्या नळीत 18. तिसरी नळी ओळंब्यातच, पण खिडकीत, दुपारच्या उन्हात. तिथेही आकडा 14 च्या बराच वर गेला.

ही तिसरी नळी मामांच्या आग्रहाची होती, आणि त्यांचं बरोबर होतं. ही तपासणी 18 ते 25 अंश सेल्सिअसमध्ये करायची असते. आमच्या गावी मे महिन्यात एसी फक्त यंत्राच्या खोलीत, स्टँड मात्र बाहेर खिडकीखाली, पारा 38 वर. गरम झालं की प्लाझ्मा पातळ होतो. थंडीत तूप हलत नाही आणि उन्हाळ्यात पळीतून ओघळतं, तशातलाच प्रकार, फक्त सौम्य. प्लाझ्माची दाटी दर अंशाला साधारण 2 टक्क्यांनी उतरते, आणि चळतींना बुडायला तेवढा कमी विरोध होतो. उलट फ्रिजमधून काढून लगेच भरलेल्या रक्ताचा आकडा खोटा कमी येतो. ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं आणि हलक्या हाताने उलटसुलट करून मिसळावं. गरम खोलीतला आकडा मागून गणिताने दुरुस्त करायचे तक्ते आहेत, पण मी त्यांच्या वाटेला जात नाही. स्टँड एसीच्या खोलीत हलवणं जास्त सोपं, फक्त एसीचा झोत थेट नळ्यांवर नको आणि ज्या टेबलावर सेंट्रिफ्यूज थरथरतं ते टेबल नको.

या दोन्ही चुका आकडा फुगवतात. रोगी घाबरतो, डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात, थोडे पैसे आणि एक झोप जाते. मला भीती वाटते ती तिसऱ्या चुकीची. ती आकडा खाली ओढते, आणि चांगला आलेला आकडा कुणी पुन्हा तपासत नाही.

पाठदुखीचे एक शेतकरी काका होते, वय पंचावन्नच्या आसपास. तीन महिने दुखणं, संध्याकाळची कणकण, वजन उतरलेलं. त्यांचं रक्त आमच्या मुलाने गावी जाऊन काढलं होतं. शीर सापडेना, सिरिंजमध्ये रक्त थेंबाथेंबाने आलं, मग जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत गेलं आणि ती नळी न हलवताच पिशवीत पडली. आमच्याकडे तेव्हा याच नळीतल्या 2 मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिलिटर सायट्रेट घालून ईएसआर लावत असू. तासाने आकडा आला 16. या वयाला अगदी छान.

मामांना खटकला तो दुसऱ्याच यंत्राचा कागद. त्याच नळीतून केलेल्या पेशींच्या मोजणीत प्लेटलेट 58,000 होत्या. "मॅडम, एवढ्या कमी, आणि माणसाच्या अंगावर एक डाग नाही," म्हणत त्यांनी लाकडी काडी नळीत तळापर्यंत घातली आणि हळूच फिरवून वर काढली. टोकाला हरभऱ्याच्या डाळीएवढी गुठळी लोंबत होती.

रक्त गोठतं तेव्हा फायब्रिनोजेनचंच फायब्रिन होतं, म्हणजे ज्या प्रथिनामुळे नाण्यांची चळत रचली जाते तेच गुठळीत खर्ची पडतं. प्लेटलेटही तिच्यात अडकतात, म्हणून यंत्राला त्या कमी दिसल्या. उरलेल्या रक्तात पेशी पुन्हा सुट्या होतात आणि रेंगाळतात. नळी वरून अगदी नेहमीसारखी दिसते, थराची कड स्वच्छ असते, खूणही नीट वाचता येते. कधी गुठळीचा तुकडा नळीतच शिरून थर अडवतो, कड तुटकी दिसते, तेव्हा निदान संशय तरी येतो. आणि गुठळी झालेल्या नमुन्यातला आकडा कितीने वाढवून वाचावा याला हिशेबच नाही, कारण किती फायब्रिनोजेन गेलं हे कळायला मार्ग नसतो. मोठी गुठळी काडीने काढून उरलेलं रक्त वापरणारे मी पाहिलेत. त्यांना हे एकदा सांगावं लागतं.

काकांना फोन केला तर ते चिडले. मुलगा मोटरसायकलवरून त्यांना घेऊन आला तेव्हाही कुरकुर चालूच होती, एका तपासणीला दोनदा सुई कशाला म्हणून. मामांनी बोलण्याऐवजी जपून ठेवलेली काडी दाखवली. या वेळी शीर एका टोचणीत मिळाली, नळी लगेच आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी केली, काडी घालून पाहिली, स्वच्छ निघाली. प्लेटलेट आल्या 4,10,000. ईएसआर आला 88.

या 88 ने काकांना काय झालंय ते सांगितलं नाही, सांगणारही नव्हतं. ईएसआर रोगाचं नाव सांगत नाही. नुसत्या रक्तक्षयानेही तो वाढतो, गरोदरपणात वाढतो, वयानुसार वाढतो. पण 16 चा कागद हातात असता तर हाडांच्या डॉक्टरांनी कंबरेचा पट्टा आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं, असं ते स्वतःच नंतर म्हणाले. 88 पाहून त्यांनी एमआरआय सांगितला. त्यात दोन मणके पोखरलेले निघाले आणि सुईने काढलेल्या तुकड्यात क्षय सापडला.

पहिला 16 आम्ही रजिस्टरमधून खोडला नाही. त्याच्यापुढे मामांच्या अक्षरात लिहिलंय: नमुन्यात गुठळी, आकडा देऊ नये.